'आम्ही'मधला 'आ' कुठून आला?

'चिन्ह' या शब्दात आपण न आधी लिहितो आणि ह नंतर, आणि बोलतोही तसंच. संस्कृतात मात्र तो 'चिह्न' आहे, म्हणजे ह आधी. 'प्रह्लाद'चा 'प्रल्हाद' झाला, 'जिह्वा'ची 'जिव्हा', 'आह्लाद'चा 'आल्हाद'. 'ब्राह्मण' लिहिताना आपण ह आधी ठेवतो, पण बहुतेकांच्या तोंडी 'ब्राम्हण' असतं. याला अशुद्ध म्हणून नाक मुरडायचं तर खुशाल मुरडावं, पण एक गोष्ट पाहावी: या सगळ्या शब्दांत अदलाबदल एकाच दिशेने झाली आहे. दर वेळी ह हा न, म, ल किंवा व यांच्या पलीकडे गेला. निव्वळ जिभेची घसरण इतकी शिस्त पाळत नाही.

ध्वनींच्या अशा अदलाबदलीला वर्णविपर्यय म्हणतात. ह बाबतीत ती का होते, याचं उत्तर बोलणाऱ्याच्या जिभेइतकंच ऐकणाऱ्याच्या कानात आहे. ह उच्चारताना तोंडात कुठे अडथळा नसतो, नुसता श्वास असतो, आणि तो शेजारच्या ध्वनींवर सांडतो. 'ह्न'मधला ह स्वर आणि न यांच्या मध्ये दाबला जातो आणि नीट ऐकू येत नाही. तोच श्वास न सुटल्यावर, पुढच्या स्वराआधी, स्वच्छ कानावर पडतो. ऐकणारा साहजिकच समजतो की ह नंतर आहे, आणि स्वतः बोलताना तसाच म्हणतो. त्यातून मराठीत 'म्हैस', 'न्हावी' असे शब्द असल्याने म्ह आणि न्ह कानाला परके नाहीत.

र आणि ल यांचीही छटा आसपासच्या अक्षरांवर पसरते, म्हणून ते दूरवरूनही जागा बदलतात. लॅटिनमधल्या 'मिराकुलुम'चं स्पॅनिशमध्ये 'मिलाग्रो' झालं, 'पेरिकुलुम'चं 'पेलिग्रो', 'पाराबोला'चं 'पालाब्रा'. तिन्हींत र आणि ल यांनी एकमेकांची जागा घेतली. अशा उड्या सुट्या शब्दांत दिसतात, भाषेभर नियम म्हणून नाही. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राला हे कळलं होतं, म्हणून त्याने प्राकृत व्याकरणात अशा शब्दांसाठी वेगवेगळी सूत्रं दिली. 'वाराणसी'चं 'वाणारसी' (तिथूनच पुढे बनारस), 'अचलपूर'चं 'अलचपुर', आणि 'महाराष्ट्र'चं 'मरहट्ठ'. शेवटच्या शब्दात ह आणि र यांची अदलाबदल आहे.

त्याच यादीत 'लघुक'चं 'हलुअ' आहे, आणि आपला 'हळू' तिथलाच. आधी घ चा ह झाला, जसा 'मेघ'चा 'मेह'. मग 'लहु'मधल्या ल आणि ह यांनी जागा बदलल्या. ही अदलाबदल केव्हाची, याचा माग मराठीच्याच अंगावर आहे. मराठीत शब्दाच्या सुरुवातीचा ल तसाच राहिला ('लाज', 'लोखंड'), पण दोन स्वरांच्या मधल्या एकेरी ल चा ळ झाला. 'हळू'मध्ये ळ आहे, म्हणजे तो बदल होईपर्यंत हा ल शब्दाच्या आत येऊन बसलेला होता. आधी अदलाबदल, मग ळ.

आता दुसरा बदल. संस्कृत 'सप्त', 'हस्त', 'कर्ण', 'कर्म' प्राकृतात 'सत्त', 'हत्थ', 'कण्ण', 'कम्म' झाले. दोन वेगळी व्यंजनं एकमेकांसारखी झाली आणि जोडव्यंजन उरलं. पुढे मराठीने त्यातलं एक टाकलं आणि आधीचा अ लांबवला: 'सात', 'हात', 'कान', 'काम'. ('हात'मध्ये थ चा त नंतर झाला, हिंदीत 'हाथ' आहेच.) व्यंजन गेलं, त्याची भरपाई स्वराने केली, म्हणून याला पूरक दीर्घीकरण म्हणतात.

भरपाई नक्की कशाची? वृत्तं शिकलेल्याला हे लगेच कळेल. 'सत्त'मधला 'स' गुरू आहे, कारण त्याच्या पुढे जोडाक्षर आहे. त्याच्या दोन मात्रा. एक त काढला तर तो लघू होईल आणि एक मात्रा गळेल. स्वर दीर्घ केला की हिशोब पुन्हा दोनवर येतो. व्यंजन नाहीसं झालं, त्याने अडवलेला वेळ राहिला.

हा हिशोब खरा असेल तर जे व्यंजन मात्रा मोजताना धरलंच जात नाही, त्याच्या जाण्याने काही लांबू नये. 'प्रस्तर' हा शब्द दोन्ही गोष्टी एकदम दाखवतो. सुरुवातीच्या 'प्र'मधला र गेला, पण तो स्वराच्या आधी होता. स्वराआधीच्या व्यंजनाने अक्षर जड होत नाही, म्हणून त्याची भरपाई नाही. 'स्त'मधला स मात्र स्वरानंतरचा. त्याचं आधी 'पत्थर' झालं आणि मग 'पाथर', जो आपल्या 'पाथरवट'मध्ये टिकून आहे. एकाच शब्दातून दोन व्यंजनं गेली, भरपाई एकाचीच मिळाली.

सगळ्या भाषांनी हा व्यवहार केला असं नाही. पंजाबीने जोडव्यंजन सोडलं नाही: 'सत्त', 'हत्थ', 'कन्न'. तिथे स्वर ऱ्हस्वच आहे, कारण काही गमावलेलंच नाही. सिंधीने एक व्यंजन टाकलं आणि भरपाईही नाकारली: 'सत', 'हथु', 'कनु'. त्यामुळे हिंदीत 'माखन'च्या शेजारी 'मक्खन' दिसलं, की दुसरा वायव्येकडून आला असावा असा अंदाज बांधता येतो. मराठीतही 'सात'च्या घरातच 'सत्तर' आहे. तिथे दोन्ही त शाबूत आहेत आणि अ ऱ्हस्व. 'सतरा'मध्ये तर व्यंजनही गेलं आणि स्वरही लांबला नाही. मोठ्या शब्दांत आघात पुढच्या अक्षरावर सरकला की अशी भरपाई बुडते.

पाणिनीने संस्कृतापुरता याच जातीचा नियम सूत्रात बांधला आहे: ढ किंवा र लोपला की आधीचा अ, इ, उ दीर्घ होतो. 'निर्' आणि 'रस' मिळून 'नीरस' होतं, 'गुह्'पासून 'गूढ', 'मुह्'पासून 'मूढ'. सूत्रात ऋ नाही, आणि 'दृढ'मधला ऋ ऱ्हस्वच लिहिला जातो.

आता 'आम्ही'. मूळ रूपात 'अस्म-' आहे. स चा ह झाला, मग 'ह्म'चं 'म्ह' झालं, अगदी 'ब्राम्हण'सारखं. प्राकृतात 'अम्हे' मिळतं. तिथला 'म्ह' जोडाक्षर होता, त्यामुळे 'अ' गुरू होता. मराठीत मात्र 'म्ह' हा एकच महाप्राण ध्वनी होऊन बसला. मराठी छंदात 'तुम्ही'तला 'तु' लघूच धरतात, कारण त्याच्यावर म्ह चा आघात येत नाही. दोन व्यंजनांचं एक झालं की एक मात्रा सुटते, आणि ती अ ने घेतली: 'आम्ही'. 'कृष्ण', 'कण्ह', 'कान्हा' ही वाटही अशीच.

मग 'तुम्ही'चं 'तूम्ही' का नाही? मराठीने इ आणि उ यांचा ऱ्हस्व-दीर्घपणा नंतर शब्दातल्या जागेवर सोपवला. 'दूध' म्हणताना ऊ दीर्घ, 'दुधाचा' म्हणताना ऱ्हस्व, 'मूल' आणि 'मुलाला' तसंच. 'तुम्ही'त कधी दीर्घ ऊ असला तरी या नियमाने तो पुसला गेला असता. म्हणून मराठीत जुन्या भरपाईचा पुरावा शोधायचा तर 'आ'कडे पाहावं. इ-उ यांची साक्ष इथे चालत नाही.