लिनिअर-फेज फिल्टरचे चार प्रकार आणि बीजगणितातला एक जुना भागाकार

लिनिअर-फेज एफआयआर फिल्टरचे चार प्रकार बहुतेकांना तक्त्यातून भेटतात. सहगुणक सममित की प्रतिसममित, लांबी विषम की सम, आणि शेवटच्या रकान्यात झीरो कुठे येणारच ते. मीही हा तक्ता परीक्षेसाठी पाठ केला होता आणि परीक्षेनंतर विसरलो. तो डोक्यात टिकला तो बऱ्याच नंतर, त्यातली गोष्ट सिग्नल प्रोसेसिंगपेक्षा कितीतरी जुनी आहे हे लक्षात आल्यावर.

जुन्या बीजगणिताच्या पुस्तकांत एका खास जातीच्या समीकरणांवर स्वतंत्र प्रकरण असे. ही समीकरणे अशी, की त्यांत x च्या जागी 1/x घातले तरी समीकरण बदलत नाही. म्हणजेच सहगुणकांची रांग पुढून वाचली काय आणि मागून वाचली काय, सारखीच. फार तर सगळ्यांचे चिन्ह उलटे. ती सोडवण्याची रीत ठरलेली होती. घातांक विषम आणि रांग सममित असेल, तर -1 हे मूळ असतेच, म्हणून आधी x + 1 ने भागा. घातांक विषम आणि रांग प्रतिसममित असेल, तर 1 हे मूळ असते, तेव्हा x - 1 ने भागा. घातांक सम आणि रांग प्रतिसममित असेल, तर दोन्ही मुळे असतात, x² - 1 ने भागा. भागाकार झाल्यावर तिन्ही वेळा हातात उरते ते चौथ्या जातीचे समीकरण: घातांक सम, रांग सममित, कोणतेही मूळ सक्तीचे नाही. मग y = x + 1/x असे मानले की घातांक निम्मा होतो. फिल्टरचे सहगुणक हे बहुपदी H(z) चे सहगुणक मानले की तिची मुळे म्हणजेच फिल्टरचे झीरो, आणि फिल्टरचा तक्ता याहून वेगळे काही सांगत नाही.

सक्ती कुठून येते ते एका ओळीत दिसते. फिल्टरचा घातांक M, म्हणजे लांबी M + 1. सममिती असेल तर

```
H(z) = z^(-M) H(1/z)
```

z = -1 ठेवा. -1 चा व्यस्त -1 च आहे, म्हणून दोन्ही बाजूंना तोच H(-1) येतो. फक्त उजवीकडे (-1)^M हा गुणक जास्तीचा. M विषम असेल तर H(-1) स्वतःच्याच ऋण संख्येएवढा ठरतो, आणि तसे होण्यासाठी तो शून्यच असावा लागतो. प्रतिसममित रांगेत उजवीकडे आधीच एक उणे चिन्ह असते, त्यामुळे z = 1 ला हीच गत होते, मग M काहीही असो. याच जागा का, याचे कारणही यातच आहे. बाकीचे झीरो आपला व्यस्त जोडीदार बरोबर घेऊन येतात. 1 आणि -1 हे स्वतःचेच व्यस्त, म्हणून एकटे येऊ शकणारे तेवढे दोनच. घातांकाची सम-विषमता जुळवायची वेळ आली की तो भार या दोघांवर पडतो.

सिग्नलच्या भाषेत z = 1 म्हणजे शून्य वारंवारता, आणि z = -1 म्हणजे नायक्विस्ट वारंवारता, जिथे एक सॅम्पल वर आणि पुढचे खाली असते. त्यामुळे टाइप १ (सममित, विषम लांबी) मोकळा. टाइप २ (सममित, सम लांबी) नायक्विस्टला बंद. टाइप ३ (प्रतिसममित, विषम लांबी) दोन्ही टोकांना बंद. टाइप ४ (प्रतिसममित, सम लांबी) फक्त शून्य वारंवारतेला बंद.

हे सगळे इतके सोपे असूनही फिल्टर-रचनेत त्याचा उपयोग व्हायला १९७३ साल उजाडले. त्याआधीची काही वर्षे पाहायला हवीत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस डिजिटल फिल्टर संगणकावर चालवणे जमू लागले होते, आणि एफआयआर फिल्टरचे मुख्य आकर्षण होते त्याचा अचूक लिनिअर फेज: सगळ्या वारंवारतांना सारखाच विलंब, त्यामुळे पासबँडमधल्या तरंगाचा आकार फेजमुळे बिघडत नाही. प्रश्न होता सहगुणक निवडण्याचा. विंडोची रीत सोपी होती, पण तिने मिळणारा फिल्टर दिलेल्या लांबीत सर्वोत्तम नसे. हेरमान यांनी १९७० मध्ये सगळीकडे सारखीच लहर असलेल्या फिल्टरसाठी अरेषीय समीकरणे मांडली. हॉफस्टेटर, ओपनहाइम आणि सीगल यांनी १९७१ मध्ये तसेच फिल्टर पुनरावृत्तीच्या रीतीने काढले. दोन्हींत एक अडचण होती. पासबँड कुठे संपावा आणि स्टॉपबँड कुठे सुरू व्हावा हे आधी सांगता येत नसे. ते उत्तराबरोबर कळे.

राइस विद्यापीठातले टॉम पार्क्स आणि त्यांचा विद्यार्थी जेम्स मॅक्लेलन यांनी हा प्रश्न उलटा फिरवला. बँडच्या कडा आपण ठरवायच्या आणि सर्वात मोठी चूक शक्य तितकी लहान करायची. हा चेबिशेव्ह अॅप्रॉक्सिमेशनचा प्रश्न, आणि त्यासाठी रेमेझ यांची १९३४ ची रीत तयारच होती. मार्च १९७२ च्या त्यांच्या पेपरमध्ये हे केले आहे, पण फक्त टाइप १ साठी. त्याला कारण होते. टाइप १ चा प्रतिसाद विलंब बाजूला काढला की cos ω मधली साधी बहुपदी होतो, आणि रेमेझची रीत बहुपदीवर बिनघोर चालते. (cos ω म्हणजे z + 1/z चे निम्मे. जुन्या पुस्तकातला y तो हाच.) बाकीच्या तीन प्रकारांत अर्ध्या कोनाचे कोसाइन किंवा नुसते साइन येतात, त्यामुळे ते तीन वेगळे प्रश्न वाटत.

नोव्हेंबर १९७३ च्या पेपरमध्ये दोघांनी चारही प्रकार एकाच चौकटीत बसवले, आणि चौकट होती त्या जुन्या भागाकाराची. एक छोटे उदाहरण हाताने करून बघू. [१, ३, १] हा टाइप १ चा फिल्टर घ्या. विलंब वगळता त्याचा प्रतिसाद 3 + 2cos ω. आता त्याला तीन वेगवेगळ्या गुणकांनी गुणू.

```
(1 + z^-1)(1 + 3z^-1 + z^-2)  ->  [1, 4, 4, 1]        टाइप २
(1 - z^-2)(1 + 3z^-1 + z^-2)  ->  [1, 3, 0, -3, -1]   टाइप ३
(1 - z^-1)(1 + 3z^-1 + z^-2)  ->  [1, 2, -2, -1]      टाइप ४
```

तिन्हींच्या पोटात तोच [१, ३, १] आहे. बाहेरचा गुणक म्हणजे सक्तीचे झीरो. फेज आणि स्थिरांक सोडले तर टाइप २ मध्ये हा गुणक cos(ω/2) आहे, टाइप ३ मध्ये sin ω, आणि टाइप ४ मध्ये sin(ω/2). त्याला Q म्हणू, आणि आतल्या बहुपदीला P. हवा असलेला प्रतिसाद D आणि वजन W असेल, तर चूक अशी लिहिता येते:

```
W (D - Q P) = W Q (D/Q - P)
```

म्हणजे D ला Q ने भागा, W ला Q ने गुणा, आणि टाइप १ चाच प्रोग्रॅम चालवा. शेवटी P ला Q ने गुणून सहगुणक परत मिळवा. अडथळा वाटणारे झीरो गुणक म्हणून बाहेर काढले आणि तीन नव्या प्रोग्रॅमची गरजच संपली.

डिसेंबर १९७३ मध्ये मॅक्लेलन, पार्क्स आणि राबिनर यांनी याचा फोर्ट्रान प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. त्यातला एक बारकावा मला फार आवडतो. Q जिथे शून्य होतो तिथे D/Q काढता येत नाही, म्हणून वारंवारतांच्या जाळीतून तो टोकाचा बिंदू टाळावा लागतो. NEG ही खूण प्रतिसममितीसाठी १ असते आणि NODD विषम लांबीसाठी १. नायक्विस्टचा बिंदू गाळायचा का, हे प्रोग्रॅम `NEG.NE.NODD` एवढ्या एका तुलनेने ठरवतो. दोन्ही सारखे असतील तर प्रकार २ किंवा ३ असतो, आणि नायक्विस्टला झीरो असतो. अर्धा तक्ता एका अटीत मावला.

बिंदू गाळल्याने भागाकाराचा घोटाळा टळतो. झीरो मात्र तिथेच राहतो. सम लांबीचा सममित हाय-पास मागितला तर काय होते ते विंडोच्या रीतीत स्वच्छ दिसते. नायक्विस्टच्या निम्म्यावर कडा असलेला आदर्श हाय-पास घेऊन तो चार सहगुणकांवर छाटा. मिळतात साधारण -०.३६२, ०.१८६, ०.१८६, -०.३६२. नायक्विस्टचा प्रतिसाद काढण्यासाठी एकाआड एक चिन्ह बदलून बेरीज करा: शून्य. शून्य वारंवारतेसाठी सरळ बेरीज करा: सुमारे -०.३५. जे पुढे जायला हवे ते पूर्ण अडले आणि जे अडायला हवे ते एक तृतीयांशाहून जास्त निसटले. एकच सहगुणक वाढवून लांबी पाच केली की मिळतात ०, -०.३१८, ०.५, -०.३१८, ०. टोकांची शून्ये धरली तर काम तीनच सहगुणक करतात, तरी नायक्विस्टला १.१४ आणि शून्य वारंवारतेला -०.१४. ओबडधोबड आहे, पण हाय-पास आहे. चार सहगुणकांच्या फिल्टरची चूक लांबी चारशे केल्यानेही जात नाही. खड्डा अरुंद होतो, पण त्याचा तळ शून्यावरच राहतो. आलेखाच्या उजव्या टोकाला प्रतिसाद अचानक कोसळत असेल, तर आधी सहगुणक मोजावेत.

आजची साधने हे आपापल्या परीने हाताळतात. `scipy.signal.firwin` स्पष्ट नकार देते:

```
A filter with an even number of coefficients must have zero response at the Nyquist frequency.
```

मॅटलॅबचे `fir1` अशा वेळी ऑर्डर एकने वाढवते आणि तसा इशारा देते. इशारा नजरेतून सुटला, तर आपण मागितलेल्यापेक्षा एक सहगुणक जास्त हातात येतो आणि पुढच्या कोडमधला विलंबाचा हिशेब अर्ध्या सॅम्पलने चुकतो.

प्रतिसममित प्रकारांत झीरोचा नेहमी तोटाच होतो असे नाही. डिफरन्शिएटरला शून्य वारंवारतेला शून्यच हवे असते, म्हणून तो झीरो फुकट मिळाला असे समजावे. तिथे खरी निवड टाइप ३ आणि ४ मध्ये आहे. [१, ०, -१] चे निम्मे घेतले तर प्रतिसाद sin ω एवढा. मधल्या वारंवारतेपर्यंत चढतो आणि नायक्विस्टला परत शून्यावर येतो, जिथे आदर्श उत्तर π आहे. नुसता [१, -१] तिथे २ देतो. एवढा छोटा फिल्टर, पण निदान चढत राहतो. पूर्ण पट्ट्यासाठी टाइप ४ घेण्याचे कारण हेच. त्याची किंमत अशी की विलंब पूर्ण सॅम्पलमध्ये येत नाही. [१, -१] चे उत्तर दोन सॅम्पलच्या मधल्या क्षणाचे असते, आणि मूळ सिग्नलशी ते जुळवून पाहायचे असेल तर अडचण होते.

हिल्बर्ट ट्रान्सफॉर्मरमध्ये म्हणूनच अनेकदा उलटी निवड होते. तिथे मूळ सिग्नल आणि नव्वद अंशांनी फिरवलेला सिग्नल एकाच क्षणाचे हवे असतात, तेव्हा पूर्णांक विलंबाचा टाइप ३ सोयीचा पडतो. पट्टा मधल्या वारंवारतेभोवती सममित ठेवला, तर त्याचे एकाआड एक सहगुणक शून्य होतात आणि जवळजवळ निम्मे गुणाकार वाचतात. दोन्ही टोकांचे झीरो मात्र कायम राहतात, त्यामुळे पट्टा टोकांपासून किती आत सुरू करायचा हे आधीच ठरवावे लागते. तो जितका टोकाजवळ न्यावा, तितकी लांबी वाढवावी लागते.