संविधान तक्ता : प्रश्नपत्रिकेवरून उलट मांडणी

तयार प्रश्नपत्रिकेतील प्रत्येक प्रश्न सुटा करून त्याचा घटक, प्रश्नप्रकार आणि गुण एका कोष्टकात नोंदवणे, अशी ही प्रक्रिया आहे. संविधान तक्ता म्हणजे कोणत्या घटकावर कोणत्या प्रकारचे किती गुणांचे प्रश्न असावेत याचा आराखडा; नियमाने तो आधी तयार होतो आणि त्यावरून प्रश्न काढले जातात. येथे वाट उलटी असते, म्हणून अध्यापक विद्यालयांत शिकवली जाणारी रीत आणि ही रीत यांत कोष्टक सारखे दिसले तरी काही ठिकाणी मूलभूत फरक पडतो. नागपूर विभागातील शाळांत दहावीच्या सराव परीक्षेआधी शिक्षक हा तक्ता बहुधा मागील प्रश्नपत्रिकांवरूनच बनवतात. पुढील विवेचन त्या वापरापुरते, आणि तेही बीजगणिताच्या ४० गुणांच्या पत्रिकेपुरते मर्यादित आहे.

या तक्त्याच्या उगमाबद्दल एकवाक्यता नाही. शिक्षक-प्रशिक्षणात त्याचे श्रेय सर्रास बेंजामिन ब्लूम यांना दिले जाते, कारण शैक्षणिक उद्दिष्टांचे त्यांच्या संपादनाखालील वर्गीकरण १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढच्या एकदोन वर्षांतच त्यांनी भारतात मूल्यमापनाच्या कार्यशाळा घेतल्या. तथापि एका बाजूला आशय व दुसऱ्या बाजूला अपेक्षित वर्तनबदल अशी दुहेरी चौकट राल्फ टायलर यांच्या १९४९च्या अभ्यासक्रमविषयक पुस्तकात स्पष्टपणे आढळते आणि तिची मुळे त्यांच्या १९३०च्या दशकातील मूल्यमापनकार्यात असावीत. त्यामुळे मांडणी टायलर यांची आणि तिच्या एका अक्षावरील श्रेणी ब्लूम यांच्या, असे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते. भारतात १९५६ची भोपाळ येथील परीक्षाविषयक परिषद, १९५८चा केंद्रीय परीक्षा विभाग आणि १९६१ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद अशा टप्प्यांनी ही पद्धत राज्यांच्या मंडळांपर्यंत आली, असे साधारणपणे मानले जाते. विदर्भाचे मंडळ त्या काळी नागपुरात स्वतंत्र होते. राज्यमंडळ १ जानेवारी १९६६ पासून अस्तित्वात आले.

हा इतिहास येथे एवढ्यासाठी महत्त्वाचा, की मूळ चौकटीतला उद्दिष्टांचा अक्ष उलट मांडणीत गळून पडतो. प्रश्नाचा घटक, प्रकार व गुण छापील कागदावरून कळतात. उद्दिष्ट कळत नाही. पाठ्यपुस्तकातील सोडवून दिलेले उदाहरण जसेच्या तसे आले असेल तर कागदावर उपयोजनाचा वाटणारा प्रश्न वर्गातल्या मुलासाठी निव्वळ स्मरणाचा ठरतो, आणि तो कसा शिकवला होता हे पत्रिका सांगत नाही. म्हणून उलट तक्त्यात ज्ञान, आकलन, उपयोजन असे रकाने घालणे टाळावे.

प्रत्यक्ष कामात प्रथम प्रत्येक उपप्रश्नाची एक ओळ अशी यादी करतात. ‘कोणतेही दोन सोडवा’ असे असले तरी छापलेले सर्व उपप्रश्न नोंदवायचे असतात. मग समान घटक व समान प्रकार असलेल्या ओळी एकत्र करून कोष्टक भरतात. कंसाबाहेरचा अंक गुणांचा आणि कंसातला प्रश्नसंख्येचा, हा संकेत रूढ आहे. काही छापील तक्त्यांत तो उलट असल्याने तळटीप आवश्यक ठरते. एका सराव पत्रिकेचे असे कोष्टक पुढे दिले आहे.

| घटक | प्रश्न १ (एक गुणी) | कृती | लघुत्तरी | ४ गुणी | आव्हानात्मक | एकूण |
|---|---|---|---|---|---|---|
| रेषीय समीकरणे | २(२) | २(१) | ३(१) | ४(१) | ३(१) | १४(६) |
| वर्गसमीकरणे | २(२) | ३(१) | ५(२) | – | – | १०(५) |
| अंकगणिती श्रेढी | १(१) | २(१) | ५(२) | – | – | ८(४) |
| अर्थनियोजन | १(१) | ३(१) | २(१) | ४(१) | – | १०(४) |
| संभाव्यता | १(१) | २(१) | २(१) | – | – | ५(३) |
| सांख्यिकी | १(१) | – | ५(२) | ४(१) | ३(१) | १३(५) |
| एकूण | ८(८) | १२(५) | २२(९) | १२(३) | ६(२) | ६०(२७) |

पत्रिका ४० गुणांची असताना बेरीज ६० येते, आणि नवख्या शिक्षकाला पहिली शंका येथेच येते. बेरीज बरोबर आहे. हे विकल्पासह गुण आहेत. आडव्या व उभ्या बेरजा जुळल्या, की कोष्टक अंकगणिताच्या दृष्टीने शुद्ध आहे एवढे सिद्ध होते. भारांश मात्र अजून हाती लागलेला नसतो. तो काढण्यासाठी ६० वरून ४० वर सरळ प्रमाणाने येण्याची सवय सार्वत्रिक आहे. त्या हिशेबाने संभाव्यतेला ३.३३ गुण मिळतात. परंतु विकल्प सर्व प्रश्नांत सारखा नसतो. प्रश्न १ मध्ये तो नाहीच. २ गुणी कृतींत तीनपैकी दोन, २ गुणी लघुत्तरींत पाचपैकी चार, ३ गुणी लघुत्तरींत चारपैकी दोन सोडवायचे असतात. संभाव्यतेचे तिन्ही प्रश्न कमी सूट असलेल्या गटांत आहेत. प्रत्येक उपप्रश्न सारख्याच शक्यतेने निवडला जाईल असे धरल्यास १ अधिक १.३३ अधिक १.६, म्हणजे ३.९३ गुण होतात. रेषीय समीकरणांचे गुण याच रीतीने ९.३३ वरून ९ वर उतरतात. हे गृहीतक वास्तवाला धरून नाही, कारण मुले सोपा प्रश्न आधी घेतात. तरीही सरळ प्रमाणापेक्षा ते कमी चुकते, असे म्हणता येईल.

याहून उपयोगी ठरतात ती किमान व कमाल गुणांची दोन टोके. वरील पत्रिकेत सांख्यिकीचे १३ गुण छापलेले असले, तरी प्रश्न १ मधला एक गुण वगळता बाकी सर्व विकल्पातून सोडून देता येतात, आणि तरीही विद्यार्थ्याला पूर्ण ४० गुणांचे उत्तर लिहिता येते. घटकाचा खरा भारांश अशा वेळी १ ते १३ यांच्यामध्ये कुठेही असू शकतो. तक्त्यातील एका अंकाने हे झाकले जाते, म्हणून शेवटी किमान गुणांचा एक रकाना जोडणे इष्ट.

दुसरी अडचण दोन घटकांत पाय असलेल्या प्रश्नांची. वरील पत्रिकेत श्रेढीखाली धरलेला एक ३ गुणी प्रश्न असा आहे : संत्र्यांच्या ढिगात वरच्या थरात ५, त्याखाली ८, त्याखाली ११ अशी संत्री रचली असून एकूण २२० आहेत, तर थर किती? बेरजेच्या सूत्रात किमती घातल्यावर 3n² + 7n − 440 = 0 हे वर्गसमीकरण मिळते; त्याचे धन मूळ ११ हे उत्तर, आणि ऋण मूळ नाकारावे लागते. सूत्र व किमतींना एक, समीकरणाच्या सरळ रूपाला एक आणि उकलीला एक, अशी गुणदान योजना असेल तर शेवटचा गुण वस्तुतः वर्गसमीकरणांचा आहे. तो तिकडे वळवल्यास श्रेढी ७ व वर्गसमीकरणे ११ होतात, पण प्रश्नसंख्येत अपूर्णांक शिरतो. काही जण गुण विभागतात. बहुतेक जण प्रश्न ज्या प्रकरणात छापलेला आहे तेथेच ठेवून ताराचिन्हाची टीप देतात. दुसरी रीत पडताळायला सोपी असल्याने ती स्वीकारावी, मात्र टीप वगळू नये. दोन शिक्षकांनी एकाच पत्रिकेचे तक्ते स्वतंत्रपणे केले आणि ते जुळले नाहीत, तर फरक बहुतेक वेळा अशाच एखाद्या प्रश्नापाशी सापडतो.

भाषा विषयांत ही रीत फारशी लागू पडत नाही, कारण निबंध किंवा रसग्रहण यांना घटकाचा रकाना नेमून देता येत नाही. तेथे गद्य, पद्य, व्याकरण, उपयोजित लेखन असे विभागच घटकाच्या जागी घेतले जातात.