रेडियस काढला, आता दोन टोकं तपासा : पॉवर सिरीजबद्दल आमच्या विद्यार्थ्यांसाठी माहितीपत्रक

टिळकवाडी, शहापूर, खानापूर, निपाणी अशा सगळीकडनं आमच्याकडं ट्यूशनला येणाऱ्या इंजिनिअरिंग आणि बीएस्सीच्या मुलांसाठी हे पत्रक काढलंय. कारण पेपर तपासताना आम्हाला एकच गोष्ट परत परत दिसते. रेडियस बरोबर असतो, हिशोब बरोबर असतो, आणि शेवटी कंस चुकतो. बरीच मुलं दहावीपर्यंत मराठी मीडियममधनं आलेली, नंतर एकदम इंग्लिशमधनं ‘एंडपॉइंट’ ऐकायला मिळतं आणि ते काहीतरी वरवरचं काम वाटतं. वरवरचं नाहीये ते, म्हणून एकच गणित घेऊन ते नीट सांगतो.

ही सिरीज घ्या, n = 1 पासून:

`Σ (x − 2)^n / (n · 3^n)`

आधी चित्र डोक्यात ठेवा. जनावर खुंटीला बांधलंय, दावं ठराविक लांबीचं, तेवढ्याच अंतरात ते फिरणार. इथं खुंटी म्हणजे x = 2, हे सेंटर, आणि दाव्याची लांबी म्हणजे रेडियस, ती आपल्याला काढायची. त्यासाठी रेशो टेस्ट. पुढच्या टर्मला आधीच्या टर्मनं भागा, मॉड घ्या, 3^n आणि (x − 2)^n बरेचसे कटतात आणि उरतं:

`|x − 2| / 3 · n / (n + 1)`

n वाढवत नेला की n/(n + 1) एकाकडं जातो, म्हणजे लिमिट |x − 2| / 3. हे एकापेक्षा कमी पाहिजे, म्हणून |x − 2| < 3. रेडियस 3. म्हणजे −1 पासून 5 पर्यंतच्या आतल्या प्रत्येक x ला सिरीज कन्व्हर्ज होते आणि त्याच्या बाहेर प्रत्येक x ला डायव्हर्ज, तिथं टर्म लहान होत शून्याकडं जातच नाहीत, उलट वाढत जातात.

आता खरं काम. x = 5 आणि x = −1 ला लिमिट बरोब्बर 1 येतं, आणि 1 आलं की रेशो टेस्ट गप्प बसते, हो पण म्हणत नाही आणि नाही पण म्हणत नाही. इथं एक चूक आम्ही फार बघतो, पोरं लिहितात की ‘टोकाला रेशो n/(n + 1) आहे, तो प्रत्येक वेळी 1 पेक्षा कमीच असतो, म्हणून कन्व्हर्जंट’. तसं नाही हो. प्रत्येक रेशो 1 पेक्षा कमी असून चालत नाही, लिमिट 1 पेक्षा कमी पाहिजे. तसं असेल तर टर्म दर पावलाला साधारण एका ठराविक पटीनं घटतात, आणि खाली n आहे का n² आहे त्यानं मग काही फरक पडत नाही. पण टोकावर 3^n नेमका कटून जातो आणि मागं फक्त तो n उरतो. म्हणून आत ज्या n कडं कुणी बघत नाही तोच टोकावर निकाल देतो, आणि तो निकाल प्रत्येक टोकाला वेगळा असू शकतो.

x = 5 घाला. (5 − 2)^n म्हणजे 3^n, खालच्या 3^n बरोबर कटलं, उरलं Σ 1/n. ही हार्मोनिक सिरीज, डायव्हर्ज होते. कॅल्क्युलेटरवर करून बघणारा मात्र हमखास फसतो, पहिल्या 1000 टर्मची बेरीज 7.49 च्या आसपास येते आणि 10 लाख टर्म घेतल्या तरी 14.4 च्याच आसपास, त्यामुळं वाटतं आता ही थांबणार. थांबत नाही. 1/3 + 1/4 ही बेरीज अर्ध्यापेक्षा जास्त, त्यापुढच्या चार टर्मची बेरीज अर्ध्यापेक्षा जास्त, त्यापुढच्या आठ टर्मची पण, असे अर्ध्या अर्ध्याचे गठ्ठे कधीच संपत नाहीत. म्हणून 5 बाहेर.

x = −1 घाला. (−1 − 2)^n म्हणजे (−3)^n, भागिले 3^n, उरलं Σ (−1)^n / n. चिन्ह एक सोडून एक बदलतंय, म्हणून अल्टरनेटिंग टेस्ट. ती लावताना दोन गोष्टी लिहायच्या: 1/n सतत कमी होत जातो, आणि शून्याकडं जातो. दोन्ही खरं आहे, म्हणून कन्व्हर्जंट. (बेरीज −ln 2 येते, साधारण −0.693.) म्हणून −1 आत. उत्तर:

`−1 ≤ x < 5`, म्हणजे `[−1, 5)`

पण आता ‘डावीकडं चौकोनी, उजवीकडं गोल’ असं पाठ करू नका, तिथंच मार्क जातात. याच सिरीजच्या वर (−1)^n लावला की सगळं उलटं होतं, कारण −1 ला (−1)^n गुणिले (−1)^n म्हणजे 1, तिकडं हार्मोनिक आली, आणि 5 ला अल्टरनेटिंग. उत्तर (−1, 5]. आणि खाली n च्या जागी n² असता तर 1/n² ची बेरीज मुळातच थांबते, चिन्ह बदलो न बदलो, मग दोन्ही टोकं आत. खाली n नसताच, नुसता 3^n असता तर टोकाला टर्म 1, 1, 1 किंवा −1, 1, −1, शून्याकडं जायचा प्रश्नच नाही, दोन्ही बाहेर. रेडियस चारही वेळा 3 च आहे, बघा.

अजून एक फसवी जागा सांगतो कारण यंदा बऱ्याच जणांनी तिथं माती खाल्ली, n = 1 पासून:

`Σ (−1)^n (x − 1)^(2n) / (n · 4^n)`

इथं रेशोचं लिमिट |x − 1|² / 4 येतं. पोरं 4 बघून रेडियस 4 लिहून मोकळी होतात. वर्ग आहे तो, |x − 1|² < 4 म्हणजे |x − 1| < 2, रेडियस 2. टोकं −1 आणि 3. घात 2n असल्यामुळं x − 1 च्या जागी 2 घाला नाहीतर −2 घाला, दोन्हीकडं 4^n च येतं आणि कटतं, उरतं Σ (−1)^n / n, दोन्हीकडं कन्व्हर्जंट. उत्तर [−1, 3]. तरी दोन्ही टोकं वेगवेगळी लिहून दाखवा, एका ओळीत ‘तसंच’ म्हणू नका, सेंटर 1 आहे का 0 आहे हे तिथंच लक्षात राहतं.

टोकाला किंमत नसते असं कुणाला वाटत असेल तर आपल्या केरळच्या माधवाची सिरीज बघा, चौदाव्या शतकातला गणिती. tan⁻¹x = x − x³/3 + x⁵/5 − …, रेडियस 1, आणि π/4 मिळतो तो x = 1 ला, बरोब्बर टोकावर. तिथं ती कन्व्हर्ज होते, पण इतकी सावकाश की सरळ बेरीज करत बसलं तर π चे दोन दशांश बरोबर यायला शेकड्यानं टर्म लागतात.

वहीत करून आणायला एक, n = 1 पासून:

`Σ (−1)^n (x + 1)^n / (√n · 2^n)`

उत्तर (−3, 1] यायला पाहिजे. सेंटर −1 आहे, +1 नाही. −3 ला Σ 1/√n उरतं, आणि 1/√n हा 1/n पेक्षा लहान कधीच नसतो, म्हणून ती डायव्हर्ज. तुमचं [−3, 1) आलं तर वरचा (−1)^n सुटलाय. पान तसंच ठेवा, खोडू नका, शनिवारी घेऊन या, कुठल्या ओळीत चिन्ह गेलं ते बसून बघू.