बिलाचा फोटो आणि बेरजेची साक्ष

किराणा दुकानातल्या छापील बिलाचा फोटो काढला की घरखर्चाचं अ‍ॅप आधी तो काळा-पांढरा करतं, ओळी वेगळ्या काढतं आणि मग एकेक चिन्ह आकारावरून ओळखतं. शब्द वाचताना आधार असतो; ‘साखर’मधलं शेवटचं अक्षर पुसट असलं तरी अंदाज बांधता येतो. आकड्याला तसा आधार नाही. 123 च्या जागी 128 वाचलं, तरी तीही रक्कमच. हा आधार शेजारच्या आकड्यांत शोधावा लागतो. बिल हा मुळात हिशेबच असल्यामुळे तो तिथे सापडतो.

समजा, बिलात तीन ओळी आहेत. तूरडाळ 0.750 किलो, दर 164, रक्कम 123. साखर 2 किलो, दर 46, रक्कम 92. साबण 3 नग, दर 38, रक्कम 114. एकूण 329. अ‍ॅपने डाळीची रक्कम 128 वाचली, तर बेरीज 334 येते. फरक 5 चा. छपाई फिकट असली की 3 आणि 8 यांत गोंधळ होतो आणि त्यांच्यातला फरकही 5 च आहे, त्यामुळे संशय लगेच तिकडे जातो. मग 0.750 गुणिले 164 करून पाहायचं: 123. चूक सापडली आणि दुरुस्तही झाली.

दशांशचिन्हाची चूक याहून ठळक दिसते. तो ठिपका इतका बारीक असतो की फोटोत सहज नाहीसा होतो आणि 92.00 चे 9200 होतात. रक्कम शंभरपट झाल्याने बेरजेतला फरक मूळ रकमेच्या बरोबर 99 पट येतो. इथे 9108, म्हणजे 99 गुणिले 92. फरक 92 च असेल, तर साखरेची ओळच वाचायची राहिली, असं समजावं.

बेरीज नेमकी कशाशी ताडायची, हेही ठरवावं लागतं. बिलावरचा सर्वांत मोठा आकडा म्हणजे एकूण रक्कम, हा नियम फसतो. ग्राहकाने 500 ची नोट दिली आणि 171 परत मिळाले, तर बिलावर 500 ही छापलेले असू शकतात. मात्र 500 वजा 171 म्हणजे 329, ही आणखी एक साक्ष मिळते. खालच्या तक्त्यातला जीएसटी बहुतेक वेळा एमआरपीत धरलेलाच असतो. तो पुन्हा मिळवला तर खर्च फुगतो.

या पडताळणीलाही मर्यादा आहेत. कागद वाकलेला असेल तर ओळी तिरप्या होतात आणि साखरेपुढे साबणाची रक्कम जाते. एकूण बेरीज तरीही जुळते, चूक फक्त दर आणि वजनाच्या गुणाकारात दिसते. ज्या बिलावर दर छापलेलाच नाही, तिथे तीही दिसत नाही. थर्मल कागदावरची अक्षरं उष्णतेने उमटलेली असतात, शाईची नसतात; ऊन आणि ऊब लागली की ती उडतात. असं बिल सपाट ठेवून, हाताची सावली टाळून, त्याच दिवशी टिपावं.