आठवड्याची गोळी रोज घेतली जाते तेव्हा : मेथोट्रेक्सेटच्या मात्रेची पार्श्वभूमी

मेथोट्रेक्सेटची अडीच मिलिग्रॅमची गोळी दिसायला अगदी किरकोळ असते. आमवात, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिस, आणि सोरायसिस या आजारांत ती आठवड्यातून एकाच ठरलेल्या वारी घ्यायची असते. मात्र घरातल्या बाकीच्या बहुतेक गोळ्या रोजच्या असतात, त्यामुळे हीसुद्धा रोज घेतली जाण्याची चूक निरनिराळ्या देशांत पुन्हा पुन्हा घडत आली आहे आणि तिच्यामुळे माणसे दगावली आहेत. ही चूक इतकी घातक का ठरते, हे समजण्यासाठी आठवड्याची मात्रा मुळात कशी ठरली, तेथून सुरुवात करावी लागते.

या औषधाचा जन्म कर्करोगाच्या उपचारातला. पेशीला विभाजनासाठी नवा डीएनए तयार करावा लागतो आणि त्यासाठी फोलिक ॲसिडपासून बनणारी द्रव्ये लागतात. ही वाट अडवणारी संयुगे १९४०च्या दशकात लेडरले प्रयोगशाळेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाने तयार केली. त्यांपैकी अमिनोप्टेरिन वापरून बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांमध्ये आजार काही काळ मागे हटवता येतो, असे १९४८ मध्ये दाखवले. मेथोट्रेक्सेट हे त्याचेच जवळचे भावंड. १९५१ मध्ये अमिनोप्टेरिनचा आमवात आणि सोरायसिसवरही परिणाम होतो, असे निरीक्षण प्रसिद्ध झाले आणि १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्वचारोगतज्ज्ञ सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट वापरू लागले.

सुरुवातीच्या त्या काळात सोरायसिसच्या रुग्णांना हे औषध थोड्या प्रमाणात रोजही दिले जात असे. म्हणजे आज जिला आपण चूक म्हणतो, ती एके काळी रीतसर उपचारपद्धती होती. रोजच्या मात्रेत यकृताला अधिक इजा होते, असे अनुभवाने दिसत गेले. १९७१ मध्ये वाइनस्टाइन आणि फ्रॉस्ट यांनी सोरायसिसमधील त्वचापेशींच्या विभाजनाच्या वेगाचा विचार करून आठवड्यातून एकदाच, बारा-बारा तासांच्या अंतराने तीन लहान मात्रा देण्याची पद्धत मांडली. पुढे एकाच वेळी घ्यायची साप्ताहिक मात्रा रूढ झाली आणि १९८०च्या दशकातील चाचण्यांनंतर, १९८८ मध्ये, अमेरिकेत आमवातासाठीही तिला मान्यता मिळाली. कर्करोगाच्या काही उपचारांत मात्र ओळीने काही दिवस रोज मेथोट्रेक्सेट देण्याची पद्धत होतीच. त्यामुळे एकाच औषधाच्या माहितीपत्रकात दोन परस्परविरोधी वेळापत्रके नांदत राहिली, आणि 'रोज' असे लिहिलेली चिठ्ठी पाहून औषध देणाऱ्याला ती चुकीचीच आहे, असे ठामपणे म्हणता येईना.

आता या मात्रेचे गणित पाहू. एखाद्या रुग्णाला आठवड्याला १५ मिलिग्रॅम, म्हणजे अडीच मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या, दिल्या आहेत, असे समजा. दुसऱ्याच कारणासाठी तो रुग्णालयात दाखल होतो आणि घरी जाताना कार्डावर बाकीच्या औषधांच्या ओळीत 'मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम, सकाळी' एवढेच लिहिले जाते, वार सुटतो. घरची माणसे कार्डाबरहुकूम रोज सहा गोळ्या देतात आणि सात दिवसांत १०५ मिलिग्रॅम, म्हणजे सात आठवड्यांचे औषध, पोटात जाते.

येथे एक गोष्ट सर्वसामान्य समजुतीच्या नेमकी उलट आहे. मूत्रपिंडे ठीक असलेल्या प्रौढाने हेच १०५ मिलिग्रॅम चुकून एकदम घेतले, तर बहुधा गंभीर इजा होत नाही. मोठी मात्रा आतड्यातून पूर्ण शोषली जात नाही आणि जे शोषले जाते, त्यातले बरेचसे मूत्रपिंडे लवकर बाहेर टाकतात. त्या थोड्या वेळात ज्या पेशी डीएनए बनवत असतात, त्यांनाच मुख्यतः फटका बसतो; अस्थिमज्जा आणि आतड्याचे अस्तर यांना सावरायला पुढचे दिवस मिळतात. रोजच्या मात्रेत हीच उसंत नाहीशी होते. औषध पेशींच्या आत साखळीच्या रूपात अडकून साठत जाते आणि विभाजनाच्या टप्प्यावर येणारी प्रत्येक नवी पेशी त्याच्या तावडीत सापडते. घातक ठरते ती एकूण मात्रा कमी आणि तिची सलगता अधिक.

उदाहरणातल्या रुग्णाचे आधी तोंड येते: ओठांच्या आत आणि जिभेवर जखमा, गिळताना आग. मग जुलाब, अंगावर पुरळ. त्याच सुमारास पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घसरू लागतात, आणि ताप आला तर तो रक्तात पसरलेल्या संसर्गाचा असू शकतो. वय जास्त असेल किंवा मूत्रपिंडे आधीच अशक्त असतील, तर हे सारे अधिक लवकर आणि अधिक तीव्रतेने घडते. तोंड येण्याला जीवनसत्त्वांची कमतरता समजून गोळ्या चालूच ठेवल्या जातात, आणि तेथे मोलाचे दिवस वाया जातात. रुग्णालयातही एक फसगत होते. रक्तातील मेथोट्रेक्सेटची पातळी मोजली, तर ती नगण्य येऊ शकते, कारण औषध रक्तात नव्हे, पेशींत बसलेले असते. म्हणून त्या आकड्यावर विसंबून फोलिनिक ॲसिड हा उतारा थांबवायचा नसतो. साधे फोलिक ॲसिड येथे पुरेसे ठरत नाही, कारण मेथोट्रेक्सेटने अडवलेली पायरी त्याला ओलांडता येत नाही. ओळीने दोन-तीन दिवस गोळ्या घेतल्या गेल्याचे लक्षात आले, तर त्रास नसला तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, ते यासाठीच.

फोलिक ॲसिडचा आणखी एक विचित्र संबंध येथे येतो. मेथोट्रेक्सेटचे दुष्परिणाम कमी व्हावेत म्हणून ते सोबत दिले जाते आणि काही ठिकाणी मेथोट्रेक्सेटचा वार वगळून उरलेले सहा दिवस घ्यायला सांगतात. अनेक उत्पादनांत दोन्ही गोळ्या लहान आणि पिवळ्या असतात. त्यांची अदलाबदल झाली, की विष सहा दिवस आणि संरक्षण एक दिवस, असा उफराटा हिशेब होतो.

संस्थांनी याची दखल घेतली ती बऱ्याच उशिरा. इंग्लंडमध्ये केंब्रिजशायरमधील एका रुग्णाच्या एप्रिल २०००मधील मृत्यूची चौकशी होऊन अहवाल प्रसिद्ध झाला आणि २००४ मध्ये तेथील राष्ट्रीय रुग्णसुरक्षा संस्थेने तोंडाने घ्यायच्या मेथोट्रेक्सेटविषयी सूचना काढली. २०१९ मध्ये युरोपीय औषध संस्थेने या औषधाचा अनुभव असलेल्या डॉक्टरांनीच ते लिहावे, घेण्याचा वार नोंदवावा, रुग्णाला कार्ड द्यावे आणि बाटलीऐवजी गोळ्यांचे पत्ते वापरावेत, असे उपाय सुचवले. वार निवडतानाही जपावे लागते: इंग्रजी हस्ताक्षरात 'मंडे'चे 'मॉर्निंग' वाचले जाऊ शकते, म्हणून काही जण सोमवार टाळायला सांगतात.

माझ्या मते यांतला सर्वांत भक्कम उपाय संगणकातला आहे: चिठ्ठी लिहिताना 'आठवड्यातून एकदा' हेच आपोआप निवडलेले असावे आणि रोजची मात्रा हवी असल्यास कर्करोगाचे निदान नोंदवल्याशिवाय पुढे जाता येऊ नये. मात्र सांधे फार दुखले म्हणून स्वतःहून मधल्या वारी आणखी गोळ्या घेणाऱ्या रुग्णापर्यंत हा अडसर पोहोचत नाही. त्याच्या हाती एका वेळी चार आठवड्यांपुरत्याच गोळ्या देणे, एवढाच उपाय तेथे उरतो, आणि वरच्या उदाहरणातल्या सहा गोळ्यांच्या हिशेबाने तो साठाही चार दिवसांत संपू शकतो.