प्लॅन संपल्यावर उघडणारं रिडायरेक्ट पान

घरचं ब्रॉडबँड अचानक बंद पडलं की पहिला संशय वायरवर जातो, पण बऱ्याचदा वायर ठणठणीत असते आणि नुसता प्लॅन संपलेला किंवा बिल राहिलेलं असतं. अशा वेळी ऑपरेटर लाइन पूर्ण तोडत नाही, राउटरला आत येऊ देतो पण बाहेरच्या नेटवर जाऊ देत नाही, आणि कुठलीही वेबसाइट टाकली तरी स्वतःचं एक पान समोर आणतो, ज्यावर युजर आयडी, प्लॅन संपल्याची तारीख आणि पैसे भरायचं बटण असतं. यालाच रिडायरेक्ट पान म्हणतात. अडचण अशी की ते पान हल्ली आपोआप दिसतच नाही, आणि त्यामुळे लोक दोन दोन दिवस लाइनमनची वाट बघत बसतात.

आधी हे घडतं कसं ते बघू. फायबर कनेक्शनमध्ये बहुतेक छोट्या ऑपरेटरांकडे राउटर पीपीपीओई नावाच्या पद्धतीने लॉगिन करतो, म्हणजे राउटरमध्ये भरून ठेवलेला युजर आयडी आणि पासवर्ड ऑपरेटरच्या सर्व्हरकडे जातो. तो सर्व्हर, ज्याला रेडियस म्हणतात, खातं तपासतो आणि मुदत शिल्लक असेल तर नेहमीचा रस्ता उघडतो. मुदत संपली असेल तर पुढे काय करायचं हे ऑपरेटरवर असतं. काही जण लॉगिनच नाकारतात, मग राउटरच्या पानावर Authentication failed असं काहीतरी येतं (विंडोजवरून थेट डायल करणाऱ्यांना Error 691 दिसतो) आणि अशा ठिकाणी रिडायरेक्ट पान येतच नाही. बाकीचे लॉगिन होऊ देतात पण त्या राउटरला कुंपणात टाकतात, तिथून फक्त ऑपरेटरचं पान आणि पेमेंटची साइट एवढंच उघडतं.

कुंपणातलं पान दिसायला एकच वाट आहे, साधं http. ब्राउझर साध्या http वर काही मागतो तेव्हा ते उघडं असतं, त्यामुळे ऑपरेटरचं यंत्र मधेच उत्तर देऊ शकतं की हे पान इकडे नाही, तिकडे जा. https मध्ये तसं जमत नाही कारण तिथे समोरच्याने त्या वेबसाइटचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं आणि ते ऑपरेटरकडे नसतं. मग एकतर पान फिरत राहून टाइमआउट होतं किंवा प्रमाणपत्राची लाल वॉर्निंग येते. आज जवळपास सगळ्याच साइट https वर आहेत, मोबाइलमधली ॲप्स तर नुसतं "नेट नाही" एवढंच सांगतात, म्हणून ऑपरेटरने पान लावून ठेवलेलं असूनही घरात कुणाला ते दिसत नाही. (ती लाल वॉर्निंग आली तर Proceed दाबून पुढे जाऊ नये, बँकेच्या साइटवर तर अजिबात नाही.)

आमच्या मावशीचं उदाहरण सांगतो, ती सांगलीला असते. एप्रिलच्या ५ तारखेला तिचा फोन आला की परवापासून नेट गेलंय, रस्ता खणलाय त्यात वायर तुटली असणार. मी विचारलं, "मावशी, त्या पांढऱ्या डब्यावर LOS लिहिलेला दिवा लाल होऊन लुकलुकतोय का?" ती म्हणाली, "नाही रे, लाल काहीच नाही, PON चा हिरवा आहे आणि तो स्थिर आहे." इथेच वायरचा विषय संपला, कारण फायबर तुटली की प्रकाश पोचत नाही आणि LOS लाल लुकलुकायला लागतो, PON हिरवा स्थिर असेल तर ऑपरेटरपर्यंतचा प्रकाशाचा रस्ता शाबूत असतो. मग तिला मोबाइल डेटा बंद करून वायफायवरच ब्राउझरमध्ये हे जसंच्या तसं टाकायला सांगितलं:

```
http://neverssl.com
```

ही साइट मुद्दाम https शिवाय ठेवलेली आहे. तिच्या फोनवर ती साइट न येता ऑपरेटरचं पान आलं, त्यावर तिचा युजर आयडी आणि खाली प्लॅन ३ एप्रिल सकाळी ११ वाजता संपल्याचं लिहिलेलं. ती चिडली, कारण तिने तर १ तारखेलाच ५९० रुपये (५०० अधिक १८ टक्के जीएसटी) वसुलीला येणाऱ्या पोराच्या हातात रोख दिले होते. पण पानावरची तारीख खोटी नव्हती, आधीचं रिचार्ज ४ मार्चला ११ वाजता झालेलं आणि ३० दिवस बरोबर तिथेच संपत होते. पैसे दिले गेले होते, फक्त त्या पोराने ऑपरेटरच्या पॅनलमध्ये नूतनीकरण टाकलंच नव्हतं. रोखीने पैसे देणाऱ्यांच्या बाबतीत हे कायम घडू शकतं, आणि ते पकडायचा पुरावा म्हणजे पानावरची तारीख, म्हणून स्क्रीनशॉट काढून ठेवावा. मावशीने तो पाठवल्यावर १० मिनिटांत नूतनीकरण झालं.

लॅपटॉप असेल तर हीच तपासणी कमांड प्रॉम्प्टमध्ये ही कमांड देऊनही होते:

```
curl -I http://neverssl.com
```

उत्तरात 302 आणि Location पुढे ऑपरेटरचा पत्ता दिसला तर कुंपण आहे हे नक्की, 200 आला तर बाहेरचा रस्ता बहुधा मोकळा आहे (काही ठिकाणी ऑपरेटरचं पान थेट 200 नेच येतं, म्हणून ब्राउझरमध्येही बघावं), आणि काहीच उत्तर न येता थांबून राहिलं तर बिघाड वेगळा आहे किंवा तुमचा ऑपरेटर पान दाखवतच नाही. अँड्रॉइड फोनही वायफायला जोडताना अशीच गुपचूप चाचणी घेतो आणि कुंपण सापडलं तर Sign in to network अशी सूचना देतो, पण वायफाय आधीपासून जोडलेलं असेल तर फोन चुपचाप मोबाइल डेटावर सरकतो आणि ती सूचना नजरेतून सुटते. वायफाय बंद करून परत चालू केलं की बहुधा येते. फोनच्या सेटिंगमध्ये प्रायव्हेट डीएनएसचं, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरचं, नाव हाताने भरलेलं असेल तर मात्र कुंपणातून त्या सर्व्हरपर्यंत पोचता येत नाही आणि पानही उघडत नाही, ते तेवढ्यापुरतं ऑटोमॅटिकवर ठेवावं लागतं.

पैसे शक्यतो मोबाइल डेटावरून भरावेत. कुंपणातून पेमेंटची साइट उघडते, पण पुढे बँकेचं किंवा ओटीपीचं पान त्या यादीत नसेल तर व्यवहार मधेच अडकतो, आणि पैसे कापले गेले पण रिचार्ज नाही असा घोळ होतो.

भरल्यानंतरही नेट लगेच येईलच असं नाही. रिचार्ज नोंदल्यावर ऑपरेटरच्या सर्व्हरने चालू सेशन तोडायचा किंवा बदलायचा निरोप पाठवला पाहिजे, तो नाही गेला तर राउटर जुन्याच कुंपणात राहतो आणि पान तसंच दिसत राहतं. अशा वेळी राउटर बंद करून दोन-तीन मिनिटं थांबून चालू करायचा. लगेच चालू केला तर काही ठिकाणी जुनं सेशन अजून जिवंत असतं आणि एका आयडीवर दोन सेशन चालत नाहीत म्हणून लॉगिनच नाकारलं जातं. राउटर नीट जोडला गेला, फोनवर नेट चालतंय आणि एकाच लॅपटॉपवर मात्र ते पान येतंय, तर ब्राउझरने जुनं रिडायरेक्ट किंवा लॅपटॉपने जुना डीएनएस लक्षात ठेवलेला असतो. ब्राउझरची कॅशे साफ करायची आणि विंडोजवर हे द्यायचं:

```
ipconfig /flushdns
```

स्पीड कमी होऊन नेट चालू राहणं हा प्रकार यात येत नाही, ती डेटा मर्यादा संपल्याची खूण, तिथे पान येत नाही आणि लॉगिनही नेहमीसारखंच होतं.