डिलीट केलेल्या फाइली जागा का सोडत नाहीत?

पेन ड्राइव्हमधल्या मोठ्या फाइली डिलीट केल्या, तरी नवीन फाइल टाकताना संगणक जागा नसल्याचं सांगतो. ड्राइव्ह उघडून पाहावा तर आत दोन-चार फोल्डर, त्यांचं वजनही फारसं नाही. मग निदानं सुरू होतात: ड्राइव्ह खराब झाला, व्हायरस शिरला, आता फॉरमॅटशिवाय इलाज नाही. डिस्क ‘साफ’ करून देणारी सॉफ्टवेअरही याच घबराटीवर विकली जातात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा ड्राइव्ह ठणठणीत असतो आणि फाइली त्याच्यावरच, एका लपलेल्या फोल्डरमध्ये, शाबूत असतात.

आपण फाइल डिलीट करतो तेव्हा ती ‘ट्रॅश’मध्ये किंवा ‘रिसायकल बिन’मध्ये जाते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ही कचरापेटी डेस्कटॉपवर एकच दिसते, म्हणून ती संगणकात कुठेतरी एकाच जागी असेल असं आपण धरून चालतो. तसं नसतं. जोडलेल्या प्रत्येक ड्राइव्हवर तिचा स्वतंत्र कप्पा असतो आणि डेस्कटॉपवरचं चित्र त्या सगळ्या कप्प्यांची एकत्रित यादी दाखवतं. बाहेरच्या ड्राइव्हवरून डिलीट केलेली फाइल त्याच ड्राइव्हवरच्या कप्प्यात जाते. ड्राइव्ह काढून घेतला की कप्पाही त्याच्याबरोबर जातो, आणि नंतर ‘ट्रॅश रिकामा करा’ म्हटलं तरी तो जसाच्या तसा राहतो.

पण फाइल त्याच ड्राइव्हवर का ठेवायची? संगणकाच्या मोठ्या डिस्कवर का नेत नाहीत? या प्रश्नाचं उत्तर मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटतं.

फाइलचा मजकूर आणि फाइलचं नाव डिस्कवर वेगवेगळ्या ठिकाणी असतात. फोल्डर म्हणजे खरं तर फक्त यादी: हे नाव, आणि त्याचा मजकूर अमुक ठिकाणी. पुस्तकाच्या अनुक्रमणिकेत प्रकरणाचं नाव आणि पान असतं, प्रकरण स्वतः तिथे नसतं, तसंच हे. त्यामुळे एकाच ड्राइव्हवर एका फोल्डरमधून दुसऱ्या फोल्डरमध्ये फाइल ‘हलवताना’ मजकुराला हातही लागत नाही. एका यादीतली नोंद खोडली जाते आणि दुसऱ्या यादीत लिहिली जाते. फाइल 4 केबीची असो वा 40 जीबीची, काम तेवढंच. ऑपरेटिंग सिस्टिमच्या भाषेत या कामाला ‘रिनेम’ म्हणतात, म्हणजे हलवणं हे निव्वळ नाव बदलणं ठरतं.

हे फक्त एकाच ड्राइव्हच्या आत चालतं. एका ड्राइव्हची यादी दुसऱ्या ड्राइव्हवरच्या मजकुराकडे बोट दाखवू शकत नाही. लिनक्सवर किंवा मॅकवर एखाद्या प्रोग्रामने तसं रिनेम करायचा प्रयत्न केला, तर सिस्टिम `EXDEV` ही त्रुटी देऊन सरळ नकार देते. मग एकच मार्ग उरतो: सगळा मजकूर वाचायचा, दुसरीकडे लिहायचा आणि मूळ पुसायचं. जुन्या यूएसबी 2 पेन ड्राइव्हवरून सेकंदाला 30 एमबीच्या वेगाने 40 जीबी उचलायचे तर बावीस मिनिटं लागतील. डिलीटची कळ दाबून कोण इतका वेळ थांबेल? शिवाय संगणकाच्या डिस्कवर तेवढी जागा हवी, ती वेगळीच. म्हणून कचरापेटी त्याच ड्राइव्हवर ठेवली जाते. डिलीट क्षणात होतं, चुकून केलेलं डिलीट क्षणात मागे घेता येतं, आणि याच कारणाने एक बाइटही मोकळी होत नाही. सोय आणि अडचण दोन्ही त्या एका रिनेममधून येतात.

आता हे कप्पे कोणते ते पाहू. लिनक्सवर ड्राइव्हच्या मुळाशी `.Trash-1000` अशा नावाचा फोल्डर तयार होतो. 1000 हा त्या संगणकावरच्या वापरकर्त्याचा क्रमांक. मॅकवर `.Trashes` असतो आणि त्याच्या आत `501` अशा क्रमांकाचा फोल्डर. विंडोजवर `$RECYCLE.BIN` असतो, आणि एनटीएफएस ड्राइव्हवर त्याच्या आत प्रत्येक वापरकर्त्याच्या लांबलचक ओळख-क्रमांकाचा वेगळा फोल्डर. बिंदूने सुरू होणारी नावं लिनक्स आणि मॅक दाखवत नाहीत. विंडोज आपला फोल्डर ‘सिस्टिम’ अशी खूण करून लपवतं.

तिन्ही सिस्टिमना फक्त आपापला कप्पा ओळखता येतो. मॅकवर डिलीट केलेली फाइल लिनक्सच्या ट्रॅशमध्ये दिसत नाही, लिनक्सवरची विंडोजच्या बिनमध्ये दिसत नाही. ड्राइव्ह अनेक संगणकांवर फिरत असेल तर हे कप्पे साठतच जातात आणि कोणालाही आपला ट्रॅश भरलेला दिसत नाही. विंडोजची आणखी एक सवय लक्षात ठेवावी: साध्या पेन ड्राइव्हवरून विंडोज फाइल थेट कायमची डिलीट करतं, पण बाहेरच्या हार्ड डिस्कला बिन वापरतं. त्यामुळे पेन ड्राइव्हवर बहुधा लिनक्सचा किंवा मॅकचा कचरा सापडतो, हार्ड डिस्कवर तिघांचाही.

एक उदाहरण घेऊ. 64 जीबीचा एक्सफॅट पेन ड्राइव्ह आहे, नाव `KAM`. लिनक्स आणि मॅक, दोन्हींवर वापरलेला. उघडल्यावर एकच `Videos` फोल्डर दिसतो, तरी 4 जीबीची नवी फाइल त्यात मावत नाही. लिनक्सवर टर्मिनल उघडून विचारायचं:

```
$ du -xhd1 /media/user/KAM
3.1G  /media/user/KAM/.Trashes
45G   /media/user/KAM/.Trash-1000
9.0G  /media/user/KAM/Videos
58G   /media/user/KAM
```

`du` ही आज्ञा लपलेले फोल्डरही मोजते, म्हणून उत्तर लगेच समोर येतं. दिसणाऱ्या फाइली 9 जीबीच्या, कचरा 48 जीबीचा. आज्ञा लिहायची नसेल तर साधी खूण अशी: ड्राइव्हच्या गुणधर्मांत ‘वापरलेली जागा’ पाहायची आणि आतल्या सगळ्या फाइली निवडून त्यांचं एकूण वजन पाहायचं. दोन आकड्यांत मोठी तफावत असेल तर लपलेला कप्पा शोधायला हवा.

`.Trash-1000` उघडला की आत `files` आणि `info` असे दोन फोल्डर मिळतात. पहिल्यात डिलीट केलेल्या फाइली, दुसऱ्यात प्रत्येक फाइलमागे एक छोटी चिठ्ठी:

```
[Trash Info]
Path=Videos/sahal.mp4
DeletionDate=2024-05-12T18:42:07
```

फाइल मूळ कुठे होती आणि कधी डिलीट झाली, एवढंच तिच्यात असतं. ‘परत ठेवा’ म्हटल्यावर सिस्टिम ही चिठ्ठी वाचते आणि उलटं रिनेम करते. विंडोजवर याच कामासाठी फाइलींच्या जोड्या असतात: `$R` ने सुरू होणारी फाइल म्हणजे मजकूर, `$I` ने सुरू होणारी म्हणजे चिठ्ठी. चिठ्ठ्या वाचून मगच पुसायचं ठरवावं, कारण हाच कप्पा तुमची चुकून गेलेली फाइलही परत देऊ शकतो.

पुसायचा उत्तम मार्ग म्हणजे ड्राइव्ह जोडलेला असताना, ज्या सिस्टिमचा कप्पा आहे तिच्यावरूनच ट्रॅश रिकामा करणं. मात्र त्याबरोबर संगणकातला ट्रॅशही रिकामा होतो, हे ध्यानात असू द्या. ती सिस्टिम हाताशी नसेल तर लपलेल्या फाइली दाखवून तो फोल्डरच कायमचा डिलीट करावा. लिनक्सच्या फाइल मॅनेजरमध्ये Ctrl+H आणि मॅकच्या फाइंडरमध्ये Cmd+Shift+. दाबल्यावर लपलेली नावं दिसतात. पुसताना लिनक्सवर Shift+Delete वापरावं, नुसतं Delete नाही. असा फोल्डर पुसल्याने ड्राइव्हला काहीही होत नाही, गरज पडली की सिस्टिम तो पुन्हा तयार करते.

`$RECYCLE.BIN` दिसला की अनेकांना तो व्हायरस वाटतो. ही भीती हवेतून आलेली नाही. 2008 साली पसरलेला कॉनफिकर हा वर्म पेन ड्राइव्हवर `RECYCLER` नावाचा फोल्डर करून त्यात स्वतःला लपवत असे, कारण जुन्या विंडोजच्या खऱ्या कचरापेटीचं नावही तेच होतं. पण त्या आठवणीवर आजच्या प्रत्येक बिनला संशयित ठरवणं चूक आहे, आणि त्यापायी पूर्ण ड्राइव्ह फॉरमॅट करून घेणं तर त्याहून मोठी चूक.

नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमध्ये गोष्ट थोडी वळण घेते. विंडोजवरून तिथली फाइल डिलीट केली की ती कायमची जाईल असा इशारा येतो. आपल्या संगणकापुरता तो खरा असतो. पण पलीकडच्या सर्व्हरवर बहुधा नेटवर्कवर फाइली पुरवणारं ‘सांबा’ हे सॉफ्टवेअर चालत असतं, आणि त्याचं ‘रिसायकल’ मॉड्यूल चालू असेल तर ते डिलीटची विनंती मधेच अडवून तिचं रिनेम करतं. फाइल `.recycle` मध्ये जाते. सिनॉलॉजीच्या यंत्रांवर अशा फोल्डरचं नाव `#recycle` असतं, क्यूनॅपवर `@Recycle`. डिलीट करणाऱ्याला वाटतं जागा सुटली, आणि सर्व्हर भरत राहतो. फाइलीची मालकी बदलत नसल्यामुळे ती मूळ मालकाच्या कोट्यातही मोजली जात राहते.

सांबाचं हे मॉड्यूल स्वतःहून काहीच पुसत नाही. म्हणून सर्व्हर सांभाळणारे लोक ‘30 दिवसांपेक्षा जुनं ते पुसा’ अशी `find` ची आज्ञा रोज रात्री चालवतात. इथे आपलं रिनेम पुन्हा आडवं येतं. रिनेममध्ये मजकुराला हात लागत नाही, त्यामुळे फाइलवरची ‘शेवटचा बदल’ ही तारीखही जुनीच राहते. तीन वर्षांपूर्वीचा फोटो आज दुपारी चुकून डिलीट झाला, तर त्या आज्ञेच्या लेखी तो तीन वर्षांचा जुना कचरा असतो आणि आज रात्रीच कायमचा जातो. जी कचरापेटी महिनाभर मुदत देईल असं सगळे समजत होते, ती काही तासांचीच निघते. उपाय सांबाच्या सेटिंगमध्येच आहे:

```
vfs objects = recycle
recycle:repository = .recycle
recycle:keeptree = yes
recycle:touch_mtime = yes
```

यातली शेवटची ओळ फाइल कचऱ्यात येताना तिच्यावर त्या क्षणाची तारीख टाकते, आणि ती मुद्दाम लिहावी लागते, कारण हा पर्याय मुळात बंद असतो. तिसऱ्या ओळीमुळे कचऱ्यात मूळ फोल्डरांची रचना टिकते, म्हणून फाइल कुठून आली होती ते कळतं. सर्व्हर स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या वेळच्या फाइलींची गोठवलेली स्थिती, ठेवत असेल, तर `.recycle` रिकामा केल्यावरही जागा लगेच सुटत नाही. त्या फाइली ज्या स्नॅपशॉटमध्ये अडकल्या आहेत, तो शेवटचा स्नॅपशॉट पुसला जाईपर्यंत थांबावं लागतं.